४० ट्रेडचा विन रेट कितपत खरा धरायचा?

प्रश्न : सर, मी खानापूरचा, उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. सात महिन्यांपासून रोख बाजारात स्विंग ट्रेड करायलोय, फक्त खरेदीचे. एका ट्रेडला २५ हजार लावतो, स्टॉप ४ टक्क्यांवर, म्हणजे धोका १ हजार, त्यालाच एक आर धरतो. एक्सेलमध्ये ४० ट्रेडची नोंद झालीय. २४ जिंकले, १६ हरले. सरासरी नफा १.१ आर, सरासरी तोटा १ आर. विन रेट ६० टक्के आणि एक्स्पेक्टन्सी, म्हणजे दर ट्रेडची सरासरी कमाई, ०.२६ आर येते. तीन शेअर स्टॉपच्या खाली गेलेत, पण कंपन्या चांगल्या आहेत म्हणून धरून ठेवलेत. आता दीड लाखाचं भांडवल साडेचार लाख करावं म्हणतोय, सोसायटीत १४ टक्क्यांनी ३ लाख मिळतात. किती ट्रेड झाले की हा आकडा खरा मानायचा? शीट जोडलीय.

उत्तर : तुमच्या शीटमधलं सगळं जसंच्या तसं खरं धरलं, तर एक्स्पेक्टन्सी शून्याच्या वर आहे एवढंच खात्रीनं म्हणायला १०० ट्रेड लागतात. त्यातून खर्च वजा केला की २०० लागतात. धरून ठेवलेले तीन शेअर हिशेबात घेतले की संख्या हजाराच्या आसपास जाते. शीट तीच आणि पद्धतही तीच असून तीन वेगळी उत्तरं येतात, कारण किती ट्रेड लागतात हे तुमच्या फायद्याच्या आकारावर ठरतं. फायदा निम्म्यावर आला की ट्रेड दुप्पट नाही, चौपट लागतात. म्हणून "३० ट्रेड पुरे" किंवा "१०० ट्रेड पुरे" असं सरसकट कुणी सांगितलं तर ते धरून चालू नका. आता हिशेब कसा केला ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचा तुम्हाला करता येईल.

सुरुवात विन रेटपासून करू. ४० पैकी २४ म्हणजे ६० टक्के, हे झालेल्या ट्रेडबद्दल खरंच आहे. पण तुम्हाला हवाय तो पुढच्या ट्रेडचा विन रेट, आणि त्याचा हा फक्त अंदाज आहे. अंदाज किती हलू शकतो ते काढायची रीत सोपी आहे. ०.६ ला ०.४ नं गुणायचं, ४० नं भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. ०.०७७ येतात, म्हणजे पावणेआठ टक्के. याला स्टँडर्ड एरर म्हणतात. त्याच्या दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना ठेवलं की साधारण ९५ टक्के खात्रीचा पट्टा मिळतो. तुमचा पट्टा ४५ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत आहे. तुमच्या पद्धतीचा खरा विन रेट यात कुठंही असू शकतो.

या पट्ट्यात एक जागा महत्त्वाची आहे. सरासरी नफा १.१ आर आणि तोटा १ आर असेल तर ना नफा ना तोटा होण्यासाठी किती विन रेट हवा? १ ला २.१ नं भागा, ४७.६ टक्के येतात. ही जागा तुमच्या पट्ट्याच्या आत आहे. म्हणजे तुमची पद्धत पैसे मिळवते की नुसती जागच्या जागी फिरते, हे ४० ट्रेडना सांगता येत नाही. विन रेट पाच टक्के इकडंतिकडं इतक्या नेमकेपणानं हवा असेल तर जवळजवळ ४०० ट्रेड लागतात. तुमच्या गतीनं त्याला सहा वर्षं जातील. म्हणून नुसत्या विन रेटच्या मागं लागू नका. तुम्हाला हवं ते उत्तर एक्स्पेक्टन्सीतून जास्त सरळ मिळतं.

एक्स्पेक्टन्सीसाठी प्रत्येक ट्रेडचा निकाल आरमध्ये एका रकान्यात हवा. तुमच्या शीटमध्ये तो एफ रकान्यात आहे. हे तीन सूत्र लिहा. पहिलं सरासरी देतं, दुसरं ट्रेड त्या सरासरीपासून किती लांब विखुरलेत ते सांगतं, तिसरं सरासरीचा स्टँडर्ड एरर देतं.

```
=AVERAGE(F2:F41)
=STDEV.S(F2:F41)
=STDEV.S(F2:F41)/SQRT(COUNT(F2:F41))
```

तुमच्या आकड्यांवर अनुक्रमे ०.२६, १.३ आणि ०.२१ येतात. ०.२१ ची दुप्पट, नेमकी ०.४१, दोन्हीकडं ठेवली की पट्टा उणे ०.१५ पासून अधिक ०.६७ पर्यंत जातो. उणे ०.१५ म्हणजे दर ट्रेडला १५० रुपये घरातून जाणं, आणि ०.६७ म्हणजे दर ट्रेडला ६७० रुपये कमावणं. दोन्ही शक्यता तुमच्याच शीटमध्ये बसतात.

आता किती ट्रेड हवेत ते उलट्या बाजूनं काढू. पट्ट्याचं खालचं टोक शून्याला टेकायला हवं, म्हणजे स्टँडर्ड एररची दुप्पट एक्स्पेक्टन्सीइतकी व्हायला हवी. तेच सूत्रात असं लिहितात :

```
=(2*1.3/0.26)^2
```

उत्तर बरोबर १००. सुरुवातीला सांगितलेला १०० चा आकडा हा. तुमची खरी एक्स्पेक्टन्सी ०.२६ च असेल, तर १०० ट्रेडनंतर पट्टा जेमतेम शून्याच्या वर येईल. ०.२६ ऐवजी ०.१३ घालून बघा, ४०० येतात.

इथंच तुमच्या शीटमधली एक गोष्ट दाखवतो. २४ जिंकलेल्या ट्रेडमध्ये एक ४.८ आरचा आहे आणि एक ३.६ आरचा. दोघांचे मिळून ८.४ आर. तुमचा सगळा निव्वळ नफा १०.४ आर आहे. ते दोन बाजूला काढले तर उरलेल्या ३८ ट्रेडमध्ये मिळून फक्त २ आर उरतात, म्हणजे दर ट्रेडला ०.०५. ते दोन ट्रेड खोटे आहेत असं मी म्हणत नाही. खरेदी करून चढाला धरून राहणाऱ्या पद्धतीत पैसे असेच येतात, थोड्या मोठ्या ट्रेडमधून. पण मग तुमची एक्स्पेक्टन्सी खरं तर "असे मोठे ट्रेड किती वेळानं येतात" या एका प्रश्नावर उभी आहे, आणि त्या प्रश्नाला तुमच्याकडं ४० नाही, दोनच नोंदी आहेत. शीट कुणाचीही आली की सगळ्यात मोठे दोन ट्रेड झाकून सरासरी परत काढायची, हे मी पहिलं करतो. आकडा निम्म्याच्या खाली गेला तर सूत्रानं सांगितलेल्या संख्येवर मी तेवढ्यावरच विसंबत नाही, कारण विखुरणं मोजणारा १.३ हा आकडाही त्याच दोन ट्रेडवर टेकलेला असतो.

आता खर्च. तुमची शीट शेअर घेतल्याच्या आणि विकल्याच्या भावावरून आर काढते. कॉन्ट्रॅक्ट नोट काढून बघा. डिलिव्हरीला घेताना ०.१ टक्का एसटीटी आणि विकताना परत ०.१ टक्का, म्हणजे २५ हजारांवर २५ आणि २५ मिळून ५० रुपये. घेताना स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के, म्हणजे पावणेचार रुपये. विकल्यावर डीपी चार्ज, एक्स्चेंजचे किरकोळ शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. ब्रोकरेज शून्य धरलं तरी एका ट्रेडला पाऊणशेच्या घरात जातात. तुमचा एक आर १ हजाराचा, म्हणजे खर्च ०.०७५ आर. ०.२६ मधून गेले की ०.१८५ उरले. वरच्या सूत्रात ०.१८५ घाला, १९८ येतात, म्हणजे २०० धरा. पाऊणशे रुपये बघायला थोडे वाटतात, पण त्यांनी लागणारी संख्या दुप्पट केली. स्टॉप जितका जवळ तितका हा फटका मोठा. स्टॉप २ टक्क्यांवर ठेवून तेवढाच १ हजाराचा धोका घ्यायचा तर ५० हजारांचे शेअर घ्यावे लागतात, आणि एसटीटी लगेच दुप्पट होतो.

यापेक्षा मोठा प्रश्न त्या तीन शेअरचा आहे. तुम्ही लिहिलंय, "चांगल्या कंपन्या म्हणून धरून ठेवलेत". कंपन्या चांगल्या असतीलही. पण ट्रेड घेताना नियम ४ टक्क्यांच्या स्टॉपचा होता, आणि नियमाप्रमाणं ते तिन्ही ट्रेड हरलेत. शीटमध्ये ते नाहीत कारण विकले नाहीत. म्हणजे तुमच्या शीटमध्ये जिंकलेला ट्रेड लगेच येतो आणि हरलेला ट्रेड तुमचं मन तयार होईल तेव्हा येतो. अशा नोंदीत विन रेट नेहमीच फुगलेला दिसणार. ते तिन्ही आजच्या भावानं धरू. तुम्ही दिलेल्या भावांवरून सरासरी उणे १.२ आर पडतात, मिळून उणे ३.६. एकूण १०.४ चे ६.८ झाले, ट्रेड ४३ झाले. विन रेट ६० वरून ५६ टक्क्यांवर आला. एक्स्पेक्टन्सी ०.१६, आणि खर्च जाऊन ०.०८. सूत्रात ०.०८ घाला, हजाराच्या वर संख्या येते. महिन्याला साडेपाच-सहा ट्रेडच्या गतीनं हजार ट्रेड म्हणजे पंधरा वर्षं.

म्हणून माझा आग्रह असतो की संख्या मोजायच्या आधी नोंद पुरी करा. ट्रेड घेतला त्या दिवशीच ओळ पडली पाहिजे, विकला त्या दिवशी नाही. स्टॉप तुटला की त्या दिवसाच्या भावानं ट्रेड शीटमध्ये बंद. त्यानंतर शेअर ठेवायचाच असेल तर तो गुंतवणुकीच्या वेगळ्या पानावर टाका, ट्रेडच्या हिशेबातून तो सुटला. नोंद पुरी आहे की नाही हे तपासायचं असेल तर ब्रोकरकडून वर्षाचं ट्रेडबुक उतरवून घ्या आणि ओळीला ओळ लावा. पहिल्यांदा असं लावून बघणाऱ्या बऱ्याच जणांना शीटबाहेर राहिलेले ट्रेड सापडतात, आणि ते बहुतेक तोट्याचेच असतात.

आता नशिबाचा भाग. समजा एखाद्या पद्धतीत काहीच दम नाही, खरी एक्स्पेक्टन्सी शून्य. तशा पद्धतीनं ४० ट्रेड केले तर तुमच्यासारखी ०.२६ किंवा जास्त दिसण्याची शक्यता किती? साधारण दहात एक. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली दम नसलेल्या पद्धतीची शंभर मुलं धरली, तर त्यातल्या दहाजणांची शीट तुमच्यासारखी दिसेल, आणि आपल्याला तीच दिसतात कारण बाकीचे शीट दाखवत नाहीत.

हाच हिशेब थोडा पुढं नेऊ. शंभर जणांत दहाजणांची पद्धत खरंच ०.२६ ची आहे असं धरू. हे मी मनानं धरलंय, पण उदार हातानं. सेबीनं जुलै २०२४ मध्ये रोख बाजारातल्या इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०२२-२३ मध्ये दहातले सातजण तोट्यात होते. तुमचा प्रकार इंट्राडे नाही, तरी साधारण हवा कशी असते ते त्यावरून कळतं. तर त्या दहा खऱ्या पद्धतीवाल्यांतले निम्मे, म्हणजे पाचजण, ४० ट्रेडला ०.२६ किंवा जास्त दाखवतील. उरलेल्या नव्वदांतले नऊजण नुसत्या नशिबानं तेच दाखवतील. अशा चौदा शीट माझ्यासमोर आल्या तर त्यातल्या पाचच खऱ्या, आणि बघून कुठली कोणाची ते सांगता येणार नाही. २०० ट्रेडनंतर मात्र नशिबानं ०.२६ दाखवणारे नव्वदांत एखादाही क्वचित उरतो. जास्त ट्रेडचा उपयोग हा असतो, नशिबानं वर आलेले गळून पडतात.

यात तुमच्या शीटमधला आणखी एक रकाना बघावा लागतो. "सेटअप" या रकान्यात सुरुवातीला २० दिवसांच्या सरासरीवरून खरेदी आहे, मग ५० दिवसांची आली, मध्ये आरएसआयची अट आली, आणि आताचे नियम शेवटच्या काही ट्रेडपुरतेच आहेत. मग ४० ट्रेड कुठल्या पद्धतीचे? नियम बदलला की मोजणी परत एकपासून सुरू होते. आणि जुन्या ट्रेडवर चाळणी लावून "आरएसआयची अट असती तर विन रेट ७० झाला असता" असं दिसलं, तर तो आकडा पुराव्यात धरायचा नाही. पाच दम नसलेल्या चाळण्या लावल्या तर त्यातली एक तरी ४० ट्रेडवर छान दिसायची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात असते. चाळणी आवडली तर ती लिहून ठेवा आणि पुढच्या ट्रेडवर तपासा.

आता ज्या गोष्टीकडं फार कमी लोक बघतात ती सांगतो. वरचं सगळं सूत्र असं धरून चालतं की प्रत्येक ट्रेड स्वतंत्र आहे. तुमचे नाहीत. तारखा बघा. ४० ट्रेड फक्त १७ आठवड्यांत घेतलेत. एका आठवड्यात सात खरेद्या आहेत, त्यातल्या सहा जिंकल्या, कारण त्या आठवड्यात मिडकॅप सगळेच चढले. दुसऱ्या एका आठवड्यात पाच घेतल्या आणि चारांचे स्टॉप दोन दिवसांत तुटले, कारण बाजारच पडला. त्या सात ट्रेडमधून तुम्हाला सात गोष्टी कळल्या नाहीत, जवळजवळ एकच कळली. आमच्या निपाणीत तंबाखू घेणारा व्यापारी एकाच बोदातून सात मुठी काढून सबंध वखारीचा भाव ठरवत नाही, सात वेगळी बोदं फोडायला लावतो.

हे मोजायची माझी रीत साधी आहे. ट्रेडऐवजी आठवडा मोजायचा. खरेदीची तारीख ए रकान्यात असेल तर शेजारी बी रकान्यात त्या आठवड्याचा सोमवार काढा, मग वेगवेगळे १७ सोमवार एच रकान्यात एकेकदाच लिहा आणि प्रत्येक सोमवारासमोर त्या आठवड्यातल्या ट्रेडच्या आरची बेरीज.

```
=A2-WEEKDAY(A2,3)
=SUMIF(B$2:B$41,H2,F$2:F$41)
```

आता या १७ बेरजांवर सरासरी आणि स्टँडर्ड एरर काढा. तुमच्या शीटवर आठवड्याला सरासरी ०.६१ आर येतात आणि स्टँडर्ड एरर ०.७. म्हणजे पट्टा उणे ०.८ पासून अधिक २ पर्यंत. ट्रेडवरून काढलं होतं तेव्हा एक्स्पेक्टन्सी स्टँडर्ड एररच्या सव्वापट होती, आठवड्यावरून काढली तर ती ०.८७ पट उरली. त्यावरून उलटा हिशेब केला तर तुमचे ४० ट्रेड पुराव्याच्या दृष्टीनं १९ ट्रेडइतकेच भरतात. मग वर सांगितलेले २०० ट्रेडही अशाच गठ्ठ्यांनी घेतले तर ४०० च्या पुढं जावं लागेल. ट्रेड दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालत असतील तर आठवड्याऐवजी महिना घ्या, कारण एका आठवड्यातले ट्रेड पुढच्या आठवड्यातल्या ट्रेडबरोबर एकाच पडझडीत सापडतात.

एकाच दिवशी पाच सेटअप दिसले तर पाचही घेऊ नका असं मी म्हणत नाही, तो वेगळा विषय आहे. फक्त पुरावा मोजताना ते पाच धरू नका.

याच कारणानं नुसती संख्या पुरी झाली तरी भागत नाही. निफ्टी सप्टेंबर २०२४ मध्ये २६ हजारांच्या वर गेला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला २२ हजारांच्या आसपास आला. त्याआधीच्या दीड वर्षात ज्यानं खरेदीचे २०० ट्रेड नोंदवले त्याच्याकडं संख्या भरपूर होती, पण सगळी एकाच चढत्या बाजारातली. पडत्या बाजारात आपली पद्धत काय करते याची एकही नोंद नाही. तुमचे सात महिनेही मुख्यतः चढाचे आहेत. शीटमध्ये एक रकाना वाढवा, खरेदीच्या दिवशी निफ्टी स्वतःच्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर होता की खाली. खालच्या बाजूचे ट्रेड ४० तरी होईपर्यंत तुमची एक्स्पेक्टन्सी "चढत्या बाजारातली" असं म्हणायचं, त्याहून जास्त नाही.

ऑप्शन विकणाऱ्यांना हे आणखी लागू पडतं. संकेश्वरकडचे एक ओळखीचे मला सांगायचे, "नव्वद टक्के विन रेट हाय की ओ माझा". असेलही. पण तिथं नव्वद वेळा थोडं मिळतं आणि एकदा बरंच जातं, आणि ते एकदा काय आहे हे ४० ट्रेडमध्ये आलेलंच नसतं. त्याला एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट अमुक ट्रेडमध्ये एकदाही घडली नाही, तर ३ ला त्या संख्येनं भागा. तेवढ्या शक्यतेनं ती घडू शकते, हे तुम्हाला नाकारता येत नाही. ४० ट्रेडमध्ये एकदाही नाही, तर ३ भागिले ४०, म्हणजे साडेसात टक्के. ४ जून २०२४ ला, निवडणुकीच्या निकालादिवशी, निफ्टी एका दिवसात जवळजवळ ६ टक्के पडला. तसा दिवस ज्याच्या शीटमध्ये नाही त्याचा विन रेट कितीही असो, अर्धाच हिशेब आहे. तुमच्या बाबतीत हाच प्रश्न गॅपचा. रात्रभर शेअर धरता, आणि आजवरचा सगळ्यात मोठा तोटा १.३ आर आहे. निकाल वाईट आला आणि शेअर १६ टक्के खाली उघडला तर तो ४ आरचा ट्रेड. दर ४० ट्रेडला असा एक आला तरी एक्स्पेक्टन्सी ०.०७५ नं उतरते, म्हणजे सगळ्या खर्चाएवढी.

मग करायचं काय? आताचे नियम एका कागदावर लिहा, तारीख घाला, आणि १ हजाराच्याच धोक्यानं नवी मोजणी सुरू करा. १०० ट्रेड खूप लांब वाटत असतील तर जुन्या चार्टवर हातानं तेच नियम चालवून १५० ट्रेड काढा. त्यात २०२० चा मार्च आणि ऑक्टोबर २०२४ नंतरची पडझड हवीच. चार्ट एकेक दिवस पुढं सरकवत बघा, उजवीकडचं झाकून. आणि शेअरची यादी आजची घेऊ नका. निफ्टी ५०० ची यादी वर्षातून दोनदा बदलते. आजच्या यादीत आहेत ते टिकलेले शेअर आहेत, जे पडून बाहेर गेले ते त्यात नाहीत. हे ट्रेड खऱ्या ट्रेडमध्ये मिसळू नका, वेगळ्या पानावर ठेवा. दोन्ही पानांवरची एक्स्पेक्टन्सी एकमेकींच्या पट्ट्यात बसते का एवढंच बघा. कागदावर ०.३ आणि प्रत्यक्षात ०.०५ असा फरक पडला तर बहुतेक वेळा नियम पाळण्यात गळती असते. ट्रेड वाढवण्यासाठी नियम सैल मात्र करू नका, त्यानं पद्धतच बदलते.

आकडा रोज बघू नका. प्रत्येक ट्रेडनंतर बघत राहिलं तर कधीतरी तो छान दिसणारच, आणि आपण नेमकं तेव्हाच थांबून "सिद्ध झालं" म्हणतो. मी १०० आणि २०० या दोनच थांब्यांवर बघायला सांगतो. १०० ला खर्च जाऊन आकडा शून्याखाली असेल तर ती पद्धत थांबवावी. खरी चांगली पद्धतही गठ्ठ्यांमुळं तिथं शून्याखाली दिसायची शक्यता सहात एक असते, तेवढी किंमत मला मान्य आहे. शून्य आणि ०.२ च्या मध्ये असेल तर त्याच रकमेनं २०० पर्यंत जा. ०.२ च्या वर असेल आणि आठवड्यांच्या बेरजेवर काढलेल्या पट्ट्याचं खालचं टोकही शून्याच्या आसपास असेल, तर धोका १ हजाराचा दीड हजार करा. मधल्या काळात सलग पाच ट्रेड हरले म्हणून मोजणी मोडू नका. खऱ्या ६० टक्के विन रेटच्या पद्धतीतही १०० ट्रेडमध्ये सलग पाच हरण्याचा प्रसंग जवळजवळ निम्म्या वेळा येतो.

आणि सोसायटीच्या कर्जाचं. ४० ट्रेडचा आकडा पूर्ण खरा धरू, ते तीन शेअरही विसरू, फक्त खर्च वजा करू. ०.१८५ आर. भांडवल तिप्पट केलं की एक आर ३ हजारांचा, म्हणजे दर ट्रेडला ५५५ रुपये. महिन्याला सरासरी ५.७ ट्रेड, म्हणजे ३,१६० रुपयांच्या आसपास. ३ लाखांवर १४ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४२ हजार, महिन्याला ३,५००, आणि ते ट्रेड जिंको किंवा हरो, ठरल्या तारखेला जाणार. तुमचा आकडा शंभर टक्के खरा निघाला तरी व्याज भागत नाही. आज दीड लाखावर तोच आकडा महिन्याला हजाराच्या वर देतो, व्याजाविना. कर्ज काढू नका. तिन्ही अडकलेले शेअर आज शीटमध्ये बंद करा, आणि ४३ ओळींची शीट परत पाठवा, आठवड्यांच्या बेरजेसकट.